बिलेबल तास भागिले उपलब्ध तास: सल्लागार फर्मचे युटिलायझेशन कसे मोजावे

टाइमशीट वेळेवर भरलेली असते, बेरजा जुळलेल्या असतात, तरीही महिनाअखेर भागीदारांच्या बैठकीत एकाच महिन्याच्या युटिलायझेशनचे दोन-तीन वेगवेगळे आकडे समोर येतात आणि प्रत्येक जण आपलाच आकडा खरा असल्याचे सांगतो, असा प्रसंग लहान सल्लागार फर्ममध्ये वारंवार येतो. चूक बहुतेक वेळा भागाकाराच्या वरच्या बाजूला नसते. बिलेबल, म्हणजे ज्यांचे शुल्क अशील देतो त्या, तासांबद्दल लोक काटेकोर असतात. ज्या उपलब्ध तासांनी त्यांना भागायचे, ते मात्र कोणी नीट ठरवलेलेच नसतात. म्हणून या लेखात छेदाला अंशाइतकीच, किंबहुना थोडी जास्तच, जागा दिली आहे.

उदाहरण म्हणून पुण्यातील सहा जणांची एक स्ट्रक्चरल कन्सल्टन्सी घेतली आहे. फर्म काल्पनिक आहे, पण महिना खरा आहे: ऑक्टोबर २०२५. दसरा आणि दिवाळी दोन्ही त्याच महिन्यात आल्यामुळे उपलब्ध तासांच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुका त्या एकाच महिन्यात दाखवता येतात.

## पूर्वतयारी: आधी कागदावर ठरवायच्या तीन गोष्टी

पहिली गोष्ट, मोजणीत कोण धरायचे. ज्यांच्या वेळेचे शुल्क अशिलाकडून घेतले जाऊ शकते ते सगळे मोजणीत येतात. हिशेबनीस, ऑफिस असिस्टंट आणि शिपाई येत नाहीत, कारण त्यांचा खर्च फर्मच्या वरखर्चात जातो. खरा प्रश्न संचालकांचा असतो. ते थोडे डिझाइन तपासतात, थोड्या निविदा लिहितात आणि उरलेल्या वेळात फर्म चालवतात. त्यांना धरा किंवा वगळा, पण दोन्ही बाजूंनी. संचालकांचे बिलेबल तास अंशात घ्यायचे आणि त्यांचे उपलब्ध तास छेदातून गाळायचे, ही सर्रास होणारी चूक आहे. ती आकड्याला किती फुगवते ते पुढे दिसेल.

दुसरी गोष्ट, दिवसाचे प्रमाणित तास. कार्यालय सकाळी साडेनऊ ते सहा असेल आणि जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची असेल, तर दिवस आठ तासांचा होतो, साडेआठचा नव्हे. शनिवारचा नियमही लिहून ठेवावा. आपल्याकडे पाच दिवसांचा आठवडा, दुसरा-चौथा शनिवार सुट्टी आणि पूर्ण सहा दिवस, असे तिन्ही प्रकार चालतात. एकाच फर्ममध्ये ड्राफ्टिंग विभागाला शनिवार चालू आणि डिझाइन विभागाला बंद असेही असते. अशा वेळी प्रत्येक व्यक्तीसमोर तिचा नियम नोंदवला पाहिजे.

तिसरी गोष्ट, सुट्ट्यांची वर्षाची यादी. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ ज्या आस्थापनांना लागू आहे, तिथे वर्षाला आठ पगारी सणाच्या सुट्ट्या द्याव्या लागतात: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि आणखी चार. शासकीय सुट्ट्यांची यादी इंटरनेटवरून उतरवून जशीच्या तशी वापरू नये, कारण तिच्यातल्या अनेक दिवशी तुमचे कार्यालय उघडे असते. सूचना फलकावर जी यादी लावली आहे तीच मोजणीतही हवी.

तपासणी: या तीन गोष्टी एका पानावर लिहिल्या आहेत का आणि ते पान वाचून दुसऱ्या व्यक्तीलाही तेच उपलब्ध तास काढता येतात का, हे पाहावे. येत नसतील तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

## टप्पा १: उपलब्ध तास काढणे

क्रम असा ठेवावा: महिन्यातील कामाचे वार, त्यातून कार्यालयीन सुट्ट्या वजा, मग ती व्यक्ती त्या महिन्यात जितके दिवस नोकरीवर होती तितकेच दिवस, आणि शेवटी तिने प्रत्यक्ष घेतलेली रजा वजा. हा क्रम बदलला तर नव्याने रुजू झालेल्या व्यक्तीच्या खात्यातून तिच्या रुजू होण्याआधीच्या सुट्ट्याही वजा होतात आणि तिचे तास विनाकारण कमी दिसतात.

ऑक्टोबर २०२५ बुधवारी सुरू झाला. सोमवार ते शुक्रवार धरले तर त्यात २३ दिवस येतात. गांधी जयंती आणि दसरा त्या वर्षी एकाच दिवशी, गुरुवारी २ तारखेला होते. लक्ष्मीपूजन मंगळवारी २१ ला, पाडवा २२ ला आणि भाऊबीज २३ ला. आपल्या फर्मने हे चारही दिवस सुट्टी दिली असे धरू. उरले १९ दिवस, म्हणजे १५२ तास. स्प्रेडशीटमध्ये सुट्ट्यांच्या तारखा `Holidays` नावाच्या पानावर ठेवल्या असतील तर सूत्र असे होईल:

```
=NETWORKDAYS(DATE(2025,10,1),DATE(2025,10,31),Holidays!A2:A5)*8
```

सहा दिवसांचा आठवडा असेल तर `NETWORKDAYS.INTL` वापरावे आणि तिसऱ्या जागी `11` लिहावे, म्हणजे फक्त रविवार वगळला जातो. दुसरा-चौथा शनिवार बंद असेल तर त्या तारखा सरळ सुट्ट्यांच्या यादीत घालाव्यात. त्यासाठी वेगळे सूत्र जुळवत बसण्याची गरज नाही.

आता व्यक्तीनिहाय. संचालकांनी रजा घेतली नाही: १५२ तास. वरिष्ठ अभियंत्याने दोन दिवस रजा घेतली: १३६. अभियंत्याने एक दिवस: १४४. ड्राफ्ट्समन दिवाळीला जोडून तीन दिवस गावी गेला: १२८. नवी अभियंता सोमवारी १३ तारखेला रुजू झाली. तेव्हापासून महिनाअखेरपर्यंत कामाचे वार १५, त्यातून दिवाळीचे तीन वजा केले की १२ दिवस, म्हणजे ९६ तास. डिझाइन तपासायला येणारे निवृत्त अभियंते रोज चारच तास बसतात: ७६ तास. एकूण ७३२.

घाईत हीच बेरीज कशी केली जाते ते पाहा. सहा माणसे, २३ दिवस, आठ तास: ११०४. बिलेबल तास ५०० आहेत, ते कसे ते पुढे येईलच. ११०४ ने भागले तर ४५.३ टक्के. अर्धवेळ तपासनीस आणि नवी अभियंता यांची दुरुस्ती केली, पण सुट्ट्या आणि रजा वजा करायच्या राहिल्या, तर छेद ९४८ होतो आणि उत्तर ५२.७ टक्के येते. सगळे नीट केले तर ६८.३ टक्के. महिना तोच, माणसे तीच, काम तेच, आणि बैठकीत कोणी ४५ म्हणतो तर कोणी ६८.

रजा वजा करावी की नाही, यावर मतभेद आहेत आणि दोन्ही बाजूंना आधार आहे. वर्षाचे सरसकट तास, म्हणजे ५२ आठवडे गुणिले ४० बरोबर २०८०, हा छेद घेणाऱ्या फर्मही बऱ्याच आहेत. या पद्धतीत आठ सुट्ट्या आणि, समजा, २३ रजा घेणारी व्यक्ती उरलेल्या १८३२ तासांतला एकेक तास अशिलाच्या कामाला देत असली तरी तिचे युटिलायझेशन ८८ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. शुल्काचे दर ठरवताना हा छेद उपयोगी पडतो, कारण पगार बाराही महिन्यांचा द्यायचा असतो. मात्र हातातला वेळ कसा वापरला गेला हे दर महिन्याला पाहायचे असेल तर रजा वजा केलीच पाहिजे. नाहीतर मे महिन्यात आणि दिवाळीत लोक सुट्टीवर गेले एवढ्यावरून फर्मचे काम मंदावले असा निष्कर्ष निघतो. या लेखात पुढे सर्वत्र रजा वजा केलेला छेद घेतला आहे.

सावधान: प्रशिक्षण, बैठका, निविदा आणि रिकामा वेळ हे उपलब्ध तासांतून कधीही वजा करू नयेत. ती व्यक्ती कार्यालयात होती आणि पगारावर होती, म्हणजे ती उपलब्ध होती. हे तास वजा करत गेले की उत्तर शंभराच्या जवळ सरकते आणि मोजण्यासारखे काही उरत नाही.

## टप्पा २: तासांचे प्रकार ठरवणे

प्रकार थोडे ठेवावेत. वीस-पंचवीस कोड दिले की लोक पहिला दिसेल तो निवडतात. स्ट्रक्चरल कन्सल्टन्सीला सात कोड पुरतात: `BILL`, `XTRA`, `REWORK`, `PROP`, `TRAIN`, `ADMIN` आणि `IDLE`. रजा टाइमशीटमध्ये लिहायची नाही. ती हजेरीपटातून येते, नाहीतर दोनदा वजा होते.

शेवटचे चार कोड सरळ आहेत. `PROP` म्हणजे निविदा, प्रस्ताव आणि काम मिळण्याआधीच्या भेटी. `TRAIN` म्हणजे शिकणे आणि शिकवणे. `ADMIN` म्हणजे अंतर्गत बैठका, मुलाखती, हिशेब. `IDLE` म्हणजे हाताला काम नसणे. वाद होतो तो पहिल्या तिघांत, म्हणून त्यांची व्याख्या नेमकी हवी.

`BILL` हा कोड फक्त अशा तासांना लावावा जे करारात लिहिलेल्या कामाच्या व्याप्तीत येतात आणि ज्यांचे शुल्क अशील देतो. शुल्क ताशी असो की ठरावीक रकमेचे, त्याने फरक पडत नाही. फूटिंगचे डिझाइन, स्लॅबची ड्रॉइंग, बार बेंडिंग शेड्यूल, करारात मोजून दिलेल्या साइट व्हिजिट, हे सगळे `BILL`. चाकणच्या साइटवर जाण्या-येण्यात गेलेले तीन तास `BILL` की `ADMIN`, याचे उत्तर करारात शोधावे: प्रवासाचा वेळ शुल्कात धरला असेल तर बिलेबल, नसेल तर नाही. गाडीत बसून फोनवर दुसऱ्या प्रकल्पाचे काम केले म्हणून तेच तीन तास दोन प्रकल्पांवर लिहिता येत नाहीत.

`REWORK` म्हणजे आपल्याच चुकीमुळे पुन्हा करावे लागलेले काम. हे तास प्रकल्पाचे असतात, अशिलाचे असतात, ड्रॉइंगवर नावही तेच असते. म्हणूनच ते `BILL` मध्ये शिरतात. बीमचा आकार चुकला आणि तीन शीट पुन्हा काढल्या, तर त्या तासांचे पैसे कोणी देत नाही.

`XTRA` हा कोड पुष्कळ फर्ममध्ये नसतो आणि तो नसल्यामुळे होणारे नुकसान लक्षातही येत नाही. डिझाइन मंजूर झाल्यावर आर्किटेक्टने पार्किंगची मांडणी बदलली, दोन कॉलम सरकले आणि वरिष्ठ अभियंत्याचे सहा तास गेले. चूक आपली नाही, पण जादा शुल्काला अशिलाने अजून लेखी होकारही दिलेला नाही. असे तास होकार येईपर्यंत `XTRA` मध्ये राहतील. होकार आला की मूळ तारखेचाच कोड बदलून `BILL` करावा आणि त्या महिन्याचा तक्ता सुधारून, सुधारल्याची तारीख घालून, पुन्हा काढावा. हे तास होकार आलेल्या महिन्यात मिळवले तर ऑक्टोबरच्या कामाला नोव्हेंबरच्या उपलब्ध तासांनी भागल्यासारखे होते.

तपासणी: मागच्या महिन्यातील पाच अवघड नोंदी निवडून त्या दोन अभियंत्यांना वेगवेगळे बसवून कोड लावायला सांगाव्यात. दोघांची उत्तरे जुळली नाहीत तर व्याख्या अजून सैल आहेत.

## टप्पा ३: टाइमशीट भरून घेणे आणि बंद करणे

नोंद रोजच्या रोज, अर्ध्या तासाच्या पटीत व्हावी. सहा-सहा मिनिटांची नोंद वकिलांच्या फर्मला शोभते. ड्रॉइंगच्या कामात तेवढी बारकाई खोटी ठरते. नोंदीत तारीख, नाव, प्रकल्प, कोड, तास आणि एक छोटे वाक्य असावे. "डिझाइन काम, ८ तास" ही नोंद निरुपयोगी आहे, कारण महिनाअखेर तिच्यातून काहीच तपासता येत नाही. "दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबचे ड्रॉइंग, ५.५ तास, `BILL`" आणि खाली "सरकलेल्या कॉलममुळे बीमचा आराखडा बदलला, २.५ तास, `XTRA`" अशा दोन ओळींतून काय झाले ते कळते.

दर सोमवारी दुपारपर्यंत मागचा आठवडा बंद करावा आणि प्रकल्पप्रमुखाने `BILL` च्या नोंदी नजरेखालून घालाव्यात. महिन्याचे शेवटचे दिवस आठवून भरलेल्या टाइमशीटची एक ओळखू येणारी खूण असते: रोज बरोबर आठ तास, एकच प्रकल्प, `IDLE` शून्य. कामाचा खरा दिवस इतका सपाट नसतो.

`IDLE` लिहायला लोक घाबरतात, हे या टप्प्यावरचे मोठे दुखणे आहे. रिकाम्या वेळेचा जाब ज्याने तो लिहिला त्यालाच विचारला, तर पुढच्या महिन्यापासून तो वेळ एखाद्या मोठ्या प्रकल्पाच्या नावावर जमा होऊ लागतो. काम वाटून देणे हे वरिष्ठांचे काम आहे, म्हणून `IDLE` चा खुलासा वरिष्ठांनीच द्यावा, असा नियम लिहून लावलेला बरा.

सावधान: प्रत्येक व्यक्तीच्या टाइमशीटमधील सर्व कोडची बेरीज तिच्या उपलब्ध तासांइतकी आली पाहिजे. कमी आली तर नोंदी राहिल्या आहेत किंवा रजा हजेरीपटावर चढलेली नाही. जास्त आली तर जादा वेळेचे काम आहे. ते वेगळे काढावे.

## टप्पा ४: भागाकार

नोंदींचे पान `Log` असेल, त्यात पहिल्या स्तंभात तारीख, दुसऱ्यात नाव, तिसऱ्यात प्रकल्प, चौथ्यात कोड आणि पाचव्यात तास असतील, तर एका व्यक्तीचे बिलेबल तास असे येतील:

```
=SUMIFS(Log!E:E,Log!B:B,A2,Log!D:D,"BILL",
 Log!A:A,">="&DATE(2025,10,1),
 Log!A:A,"<="&DATE(2025,10,31))
```

तारीख काम केल्याची घ्यावी, बिल पाठवल्याची नव्हे. स्ट्रक्चरल कामात शुल्क टप्प्याटप्प्याने मिळते. प्लिंथ झाल्यावर बिल जाते आणि त्यामागचे काम दोन महिने आधी झालेले असते. बिलाच्या तारखेने तास मोजले तर एका महिन्यात युटिलायझेशन २० टक्के आणि पुढच्या महिन्यात १३० टक्के असे काहीतरी विचित्र दिसते.

आपल्या फर्मचा ऑक्टोबर असा:

| व्यक्ती | उपलब्ध | बिलेबल | टक्के | उरलेले तास |
|---|---|---|---|---|
| संचालक | १५२ | ६२ | ४०.८ | PROP ४५, ADMIN ४५ |
| वरिष्ठ अभियंता | १३६ | ११० | ८०.९ | PROP १०, XTRA ६, REWORK ६, ADMIN ४ |
| अभियंता | १४४ | १२० | ८३.३ | TRAIN १०, REWORK ८, ADMIN ६ |
| ड्राफ्ट्समन | १२८ | ११२ | ८७.५ | IDLE १२, ADMIN ४ |
| नवी अभियंता | ९६ | ३६ | ३७.५ | TRAIN ५२, ADMIN ८ |
| अर्धवेळ तपासनीस | ७६ | ६० | ७८.९ | ADMIN १६ |
| एकूण | ७३२ | ५०० | ६८.३ | |

फर्मचा आकडा तळच्या ओळीतून, म्हणजे एकूण बिलेबल तासांना एकूण उपलब्ध तासांनी भागून काढायचा असतो. सहा टक्केवाऱ्यांची सरासरी काढू नये. या महिन्यात ती योगायोगाने जवळपास तितकीच येते आणि म्हणूनच ही सवय खपून जाते. एक जण १६० तासांपैकी ८० तास बिलेबल आणि दुसरा अर्धवेळ असून ४० पैकी ४०, असे दोघेच असते तर टक्क्यांची सरासरी ७५ आली असती. खरा आकडा मात्र २०० पैकी १२०, म्हणजे ६० टक्के आहे. तिमाहीचा आकडा काढतानाही तीन महिन्यांचे तास आधी मिळवावेत आणि मगच भागावे.

संचालकांबद्दल सुरुवातीला म्हटले ते आता पाहता येईल. दोन्ही बाजूंनी वगळले तर ५८० पैकी ४३८, म्हणजे ७५.५ टक्के, हा आकडा चुकीचा नाही, फक्त तो उरलेल्या पाच जणांचा आहे हे लिहिले पाहिजे. फक्त छेदातून वगळले तर ५०० भागिले ५८०, म्हणजे ८६.२. हा आकडा कोणाचाच नाही.

कोड चुकीचे लागले तर काय होते? `XTRA` आणि `REWORK` चे मिळून २० तास बिलेबल धरले तर ७१ टक्के. निविदांचे ५५ तासही "शेवटी अशिलासाठीच" म्हणून त्यात घातले तर ७८.६. कोणी मुद्दाम खोटे लिहिले नाही, तरी दहा टक्क्यांची भर पडली.

### जादा वेळेचे काम

ड्राफ्ट्समन दिवाळीआधीच्या दोन शनिवारी, ११ आणि १८ तारखेला, प्रत्येकी पाच तास स्लॅबच्या ड्रॉइंगसाठी आला. हे दहा तास बिलेबल आहेत, पण वरच्या तक्त्यात नाहीत. अंशात घातले तर त्याचे युटिलायझेशन ९५.३ टक्के होते. अंशात आणि छेदात दोन्हीकडे घातले तर ८८.४. अंशात घालणे ही रूढ पद्धत आहे आणि ती वापरायला हरकत नाही. माझा कल मात्र असे तास टक्केवारीबाहेर ठेवून "८७.५ टक्के, शिवाय १० तास" असे लिहिण्याकडे आहे, कारण त्यामुळे त्याच ओळीतले १२ तास `IDLE` डोळ्यांसमोर राहतात. ११ आणि १८ ला जादा वेळ बसलेला माणूस दिवाळीनंतर दीड दिवस आर्किटेक्टच्या मंजुरीची वाट पाहत रिकामा होता. काम त्याच्याकडे किती असमान पोचते हे ९५.३ या आकड्यात दडून जाते. त्या शनिवारांच्या बदल्यात त्याने बदली रजा घेतली असेल तर ती रजा छेदातून वजा करावी आणि त्या शनिवारांचे तास छेदात मिळवून नेहमीच्या तासांसारखे मोजावेत.

## टप्पा ५: आकडा वाचणे

आधी व्यक्तीगणिक वाचावा आणि मग फर्मचा. संचालकांचे ४१ टक्के आणि नव्या अभियंत्याचे ३८ टक्के जवळजवळ सारखे दिसतात, पण एकाकडे ४५ तास निविदांचे आहेत आणि दुसरीकडे ५२ तास शिकण्याचे. सगळ्यांना ८० टक्क्यांचे एकच लक्ष्य दिले की संचालक निविदा लिहिणे सोडून स्वतः बीम डिझाइन करायला बसतात. त्या महिन्याचा आकडा सुधारतो आणि चार महिन्यांनी काम आटते. वरिष्ठांनी कनिष्ठांचे काम आपल्याकडे ओढून ठेवणे हाही याच लक्ष्याचा परिणाम असतो.

फर्मसाठी किमान आकडा किती असावा, हे दुसऱ्या कोणाकडून उसने आणण्यापेक्षा स्वतःच्या खर्चातून काढावे. महिन्याचा एकूण खर्च, पगार, भाडे, सॉफ्टवेअर, सगळे धरून, समजा ५,५०,००० रुपये आहे आणि शुल्क ठरवताना ताशी सरासरी १,२०० रुपये धरले आहेत. खर्च भागायला ४५८ बिलेबल तास लागतील, म्हणजे ७३२ पैकी ६२.६ टक्के. ऑक्टोबरचे ६८.३ टक्के त्याच्या वर आहेत.

इथे थांबल्यास मोठी फसगत होते. ठरावीक रकमेच्या करारात प्रत्यक्ष मिळणारा ताशी दर हा ठरवलेल्या दरापेक्षा वेगळा असतो. एका इमारतीचे शुल्क ३,६०,००० रुपये ठरले, त्यामागे ३०० तासांचा अंदाज होता आणि प्रत्यक्षात ३६० तास लागले. ते सगळे तास व्याप्तीतलेच होते, म्हणून `BILL`. युटिलायझेशन उलट वाढले. पण ताशी १,२०० ऐवजी १,००० रुपयेच पदरात पडले. फर्मची सगळी कामे अशीच लांबत असतील तर खर्च भागायला ५५० तास लागतील, म्हणजे ७५.१ टक्के, आणि मग तेच ६८.३ टक्के तोट्याचे ठरतात.

म्हणून तक्त्याखाली प्रत्येक चालू प्रकल्पासाठी तीन आकडे लिहावेत: अंदाजलेले तास, आजवर लागलेले तास आणि काम किती टक्के झाले. निम्मे काम झाले असताना दोनतृतीयांश तास संपले असतील, तर त्या प्रकल्पावर नोंदला जाणारा पुढचा प्रत्येक बिलेबल तास फर्मचा सरासरी दर खाली ओढणार आहे. हे तास `BILL` मधून काढून दुसऱ्या कोडमध्ये टाकू नयेत, तसे केले तर वेळ कुठे गेला हेच दिसेनासे होते. दराचा प्रश्न वेगळ्या ओळीत मांडावा आणि युटिलायझेशनला वेळेचाच हिशेब राहू द्यावा.

तक्ता पाठवण्याआधीची तपासणी: एकूण उपलब्ध तास हजेरीपटाशी जुळतात का, प्रत्येकाच्या कोडची बेरीज उपलब्ध तासांइतकी आहे का, जादा तास वेगळे दाखवले आहेत का, `XTRA` च्या प्रत्येक ओळीसमोर अशिलाला पत्र कधी गेले ती तारीख आहे का. शंभर टक्क्यांच्या वर किंवा सलग तीन महिने अगदी एकसारखी टक्केवारी कोणाचीही दिसली, तर त्या व्यक्तीच्या मूळ नोंदी उघडून पाहाव्यात. आणि तक्त्याच्या माथ्यावर एका ओळीत छेदाची व्याख्या छापावी: "उपलब्ध तास = कामाचे दिवस − कार्यालयीन सुट्ट्या − प्रत्यक्ष रजा, दिवस ८ तासांचा." ही व्याख्या मध्येच बदलावी लागली, तर मागच्या बारा महिन्यांचे आकडे नव्या व्याख्येने पुन्हा काढून घेतल्याशिवाय जुन्या आणि नव्या आकड्यांची तुलना करू नये.